निरोपाच्या दिवशी बाईंना काय सांगायचं
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सीआरपी ताईंनी केलेलं बोलणं, त्यांच्याच शब्दांत)



मागच्या सभेत दोन-तीन जणींनी मला गाठलं. त्यांच्या पोरी आश्रमशाळेत दहावीला आहेत. परीक्षेच्या आधी निरोप समारंभ होतो, त्यात अधीक्षिका मॅडमचे आभार मानायला एका मुलीला उभं करतात. पोरगी घरी फोन करून विचारते, "माय, काय बोलू?" आणि माय मला विचारते. मला हे विचारण्याचं कारण इतकंच की मी पाचवीपासून दहावीपर्यंत सहा वर्षं भामरागड तालुक्यातल्या आश्रमशाळेत राहिले, आणि दहावीला ते बोलणं माझ्या वाट्याला आलं होतं. पुढे अकरावीला चंद्रपूरच्या वसतिगृहात गेले, तिथे अधीक्षिकेला गृहपाल म्हणतात. पण आज सांगते ते आश्रमशाळेतलं.

मी पहिल्यांदा लिहिलेलं भाषण एका वहीतून उतरवलं होतं. ती वही वरच्या वर्गातल्या ताईकडून आली होती, तिच्याकडे तिच्या आधीच्या मुलीकडून. त्यात मॅडम म्हणजे मेणबत्ती होती, दीपस्तंभ होता, आईची माया होती. ते कुठल्याही शाळेत कुठल्याही मॅडमला चाललं असतं. मी पाठ केलं आणि चुलीमागे भांडी घासणाऱ्या कामाठी मावशींना म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "हे सगळं खरं, पण तुह्यासाठी बाईनं काय केलं ते काहून नाही सांगत?"

मी म्हटलं, लई केलं. त्या म्हणाल्या, "लई नको. एक सांग."

एकच सांगायचं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सातवीतली एक रात्र आली. ती तुम्हाला सांगते. सगळ्या बायाच आहोत इथे, म्हणून पूर्ण सांगते.

जुलै महिना होता. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहत होतं आणि भामरागडचा रस्ता बंद होता. तेव्हा दर पावसाळ्यात असंच व्हायचं, म्हणजे घरून कुणी येणं शक्य नव्हतं. त्या संध्याकाळी माझी पाळी आली, आयुष्यातली पहिली. आमच्या माडिया गावात बाई पाळीत असली की घरात राहत नाही, गावाकडेला कुर्मा असतो, तिथे जाते. भांडं शिवायचं नाही, विहिरीवर जायचं नाही. हे मी लहानपणापासून आईचं पाहत आले होते. पण शाळेत कुर्मा कुठे? तिथे एका खोलीत चाळीस मुली, आणि शेजारच्या गादीवर माझी मैत्रीण. माझ्यामुळे त्यांना काही झालं तर? मला दुसरं काही सुचलं नाही. जेवण झाल्यावर मी कोठीघराच्या मागे, लाकडं रचून ठेवायच्या पडवीत जाऊन बसले. वर पत्रा होता, पण पाऊस आडवा येत होता.

रात्री मॅडम टॉर्च घेऊन हजेरीला यायच्या. प्रत्येक गादीपाशी थांबून मोजायच्या. त्या रात्री एक कमी भरली. त्यांनी दोनदा मोजलं आणि शोधायला निघाल्या. मी टॉर्चचा उजेड येताना पाहिला आणि अजून आत सरकले. मला वाटलं, आता मारतील.

त्यांनी विचारलं, "इथे काय करतेस?" मला उत्तर देता येईना. मराठी येत होतं, पण हे मराठीत कसं सांगतात ते येत नव्हतं. आणि कुर्मा हा शब्द मॅडमना माहीत नव्हता, त्या दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या. त्यांनी मला हात धरून ओढलं नाही. त्या परत गेल्या आणि कामाठी मावशींना उठवून घेऊन आल्या. मावशींनी माडियात विचारलं, मी दोन शब्दांत सांगितलं. मग त्या दोघी पावसात उभ्या राहून आपसात बोलल्या. त्यातलं मला थोडंच कळलं.

त्यानंतर मॅडमनी जे केलं, ते मला आजही शहाणपणाचं वाटतं. "असं काही नसतं, चल आत झोप" असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हटलं असतं तर मी आत गेले असते, पण रात्रभर जागी राहिले असते. आजारी मुलींसाठी एक छोटी खोली होती. तिथे त्यांनी खाट टाकायला लावली, कोरडे कपडे दिले, कपडा कसा घ्यायचा ते मावशींकडून समजावलं आणि मला एक ब्लँकेट पांघरलं. मावशींना म्हणाल्या, "तिला सांग, इथे ती एकटी आहे, कुणाला शिवत नाही. पुढच्या महिन्यात कुठे झोपायचं ते तिनं ठरवावं." पुढच्या महिन्यात मी त्याच खोलीत झोपले. त्याच्या पुढच्या महिन्यातही. दिवाळीनंतर माझ्या गादीवर झोपले. मैत्रिणीला काही झालं नाही हे मला माझं मीच पाहायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी मात्र मी कुर्म्यातच गेले होते. मॅडमनी कधी त्याबद्दल विचारलं नाही. कुर्मा ठेवायचा की नाही, यावर आपण संघात वेगळं बोलतोच, आज तो विषय नाही.

आता भाषणाकडे येते. ही आठवण मी कागदावर लिहिली. अर्धं पान झालं. मग लक्षात आलं, समारंभाला मुख्याध्यापक असतील, सगळे सर असतील, मुलं असतील, पालक असतील. पाळीचं सगळ्यांसमोर कसं बोलू? आणि ही आठवण माझी आहे तशी मॅडमचीही आहे. त्यांना चालेल का? म्हणून मी समारंभाच्या दोन दिवस आधी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

त्यांनी वाचलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या रात्री मला वाटलं होतं, तू घरी जायला निघालीस. नाला भरलेला होता. मी आधी नाल्याकडे जाऊन आले, मग कोठीमागे." हे मला चार वर्षं माहीतच नव्हतं. मला वाटायचं, त्या सरळ माझ्याकडे आल्या. म्हणजे माझ्याकडे येण्याआधी पावसात, एकट्या, त्या नाल्याच्या काठावर टॉर्च मारून आल्या होत्या.

मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि हे ब्लँकेट माझं नव्हतं. माझं एकच होतं, ते वाळत घातलेलं भिजलं होतं. हे कामाठी मावशींचं. त्या रात्रभर साडीच्या घडीवर झोपल्या."

ताईंनो, मी चार वर्षं ज्या ब्लँकेटसाठी मनातल्या मनात मॅडमचे आभार मानत होते, ते दुसऱ्याच बाईचं होतं. आणि तीच बाई मला म्हणाली होती, "बाईनं काय केलं ते सांग." स्वतःचं तिनं एका शब्दानं काढलं नाही.

म्हणून तुमच्या पोरींना सांगा, आठवण लिहिली की आधी जिची आहे तिला दाखवा. आपण तेव्हा लहान असतो, निम्मंच पाहिलेलं असतं.

पाळीचं काय करायचं, हेही मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला लाज वाटत नसेल तर सांग. वाटत असेल तर कारण सोड, रात्र सांग." मी कारण सोडलं. आज असते तर कदाचित सोडलं नसतं, पण सोळा वर्षांच्या मुलीवर तो भार टाकू नये, असंच मला वाटतं.

माझं शेवटचं भाषण इतकं होतं, अजून पाठ आहे:

"मी सातवीत असताना एका पावसाच्या रात्री माझी तब्येत बरी नव्हती आणि मी कुणाला न सांगता कोठीमागे जाऊन बसले. मॅडमनी हजेरीत एक मुलगी कमी मोजली. त्या आधी नाल्यापर्यंत जाऊन आल्या, मग मला शोधलं. त्या रागावल्या नाहीत. माझी भाषा त्यांना येत नव्हती म्हणून त्यांनी कामाठी मावशींना उठवलं. मावशींनी मला त्यांचं ब्लँकेट दिलं आणि स्वतः तशाच झोपल्या. त्या रात्रीनंतर मला घरी पळून जावंसं कधी वाटलं नाही. मॅडम, मावशी, मी तुमची आभारी आहे."

दोन मिनिटंही लागली नाहीत. मुलांना काही कळलं नाही. मागे बसलेल्या मुलींना सगळं कळलं, कारण तोपर्यंत त्या छोट्या खोलीत त्यांच्यातल्याही कितीतरी जणी राहून गेल्या होत्या. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मावशी मांडवात नव्हत्याच, त्या जेवणाच्या तयारीत होत्या. त्यांचं नाव घेतलं तेव्हा कुणीतरी धावत जाऊन त्यांना आणलं. त्या पदर तोंडावर घेऊन दाराशी उभ्या राहिल्या.

भेटवस्तूचंही विचारतात, म्हणून सांगते. आम्ही मुलींनी साडीसाठी पैसे जमवायला सुरुवात केली होती. मॅडमनी थांबवलं. सरकारी नोकराला भेट घेण्यावर वर्तणूक नियमांची बंधनं असतात आणि आमच्यातल्या काहींकडे द्यायला पैसे नव्हतेच. ज्या देऊ शकल्या नसत्या त्यांना तो दिवस जड गेला असता. त्यापेक्षा तेच भाषण चांगल्या अक्षरात लिहून द्या, त्या म्हणाल्या. मी दोन प्रती केल्या. एक मॅडमना दिली.

दुसरी मावशींसाठी. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी संध्याकाळी चुलीपाशी बसून त्यांना ते माडियात सांगितलं. कागदावर मी "लाल ब्लँकेट" लिहिलं होतं, मला तसंच आठवत होतं. मावशींनी चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाल्या, "लाल नाही वं. निळं होतं." मी पेन आणायला खोलीत गेले, आणि मग मॅडमकडे जाऊन त्यांच्याही कागदावर दुरुस्त करून आले.