उजवीकडून येणारा आधी

तुमच्यापैकी ज्यांनी अलीकडे लर्निंग लायसन्स काढलंय, त्यांना परीक्षेतला एक प्रश्न आठवत असेल. सिग्नल नाही, पोलीस नाही, अशा चौरस्त्याजवळ तुम्ही आलात. काय कराल? तीन पर्यायांपैकी एकात हॉर्न वाजवून पुढे जायचं असतं. बिलोलीत वाढलेल्या माणसाला तेच उत्तर बरोबर वाटतं, कारण आपल्याकडे चालतं तसंच. बरोबर उत्तर आहे : उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं.

आज फक्त याच चौकाबद्दल बोलणार आहे. नरसीकडे किंवा देगलूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याबद्दल नाही. मोठ्या रस्त्याला येऊन मिळताना थांबायचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पाळो न पाळो. मी बोलतोय गावातल्या, प्लॉटिंगमधल्या त्या चौकांबद्दल, जिथे वीस फुटी रस्ता वीस फुटी रस्त्याला छेदतो. तिथे मोठा कोण, लहान कोण हे रस्त्यावरून ठरत नाही. मग आपण ते गाडीवरून ठरवतो : टिप्परला सगळे वाट देतात, टिप्पर कुणाला देत नाही.

कायद्यात गाडीच्या आकाराचा उल्लेखच नाही. १९८९ च्या वाहतूक नियमावलीत, म्हणजे रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्समध्ये, हा नववा नियम होता. ज्या रस्त्यावर शिरताय तो मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला असेल तर त्यावरच्या वाहनांना वाट द्या. नसेल तर उजवीकडून चौकाकडे येणाऱ्या सगळ्या वाहतुकीला वाट द्या. २०१७ मध्ये त्या नियमावलीच्या जागी नवी आली, पण उजवीकडच्याला आधी हे तत्त्व कायम राहिलं. यात दोन शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. एक ‘ठरवलेला’. माझा रस्ता जरा रुंद आहे, डांबर नवं आहे, म्हणून तो मुख्य होत नाही. आठ कोनांची लाल ‘थांबा’ पाटी किंवा खाली टोक असलेला लाल काठाचा त्रिकोण तुमच्या बाजूला असेल तर थांबायचं तुम्ही. कुठलीच पाटी नसेल तर उजवीकडचा नियम. दुसरा शब्द ‘सगळी वाहतूक’. उजवीकडून बैलगाडी आली तरी आधी बैलगाडी.

आता उजवीकडचाच का? हे मनमानी नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. समजा तुम्ही उत्तरेकडे निघालात. उजवीकडून, म्हणजे पूर्वेकडून येणारासुद्धा स्वतःच्या डाव्या बाजूने येतो, म्हणजे तो आडव्या रस्त्याच्या तुमच्या जवळच्या अर्ध्या भागातून येतो. डावीकडून येणारा पलीकडच्या अर्ध्या भागात असतो. चौकात शिरताच तुमची पहिली गाठ उजवीकडच्याशी पडते, डावीकडच्यासाठी थोडा जास्त वेळ मिळतो. जिथे वेळ कमी, तिथे कुणी थांबायचं हे आधीच ठरलेलं बरं. आणि नियम असा आहे की दोघांपैकी एकच थांबतो : तो तुमच्या उजवीकडे असेल, तर तुम्ही त्याच्या डावीकडे असता.

ब्रिटनमध्येही डावीकडूनच गाड्या चालतात, तरी तिथे पाट्या-पट्टे नसलेल्या चौकात कुणालाच अग्रहक्क नाही. सगळ्यांनी जपून जावं एवढंच सांगितलंय. उजवीकडच्याला आधी हा नियम त्यांनी १९६६ मध्ये आणला तो गोल चौकासाठी. म्हणजे आपला नियम एकमेव शक्यता नव्हे, पण तो असल्यावर निदान वाद घालायला जागा राहत नाही.

आपल्यात कॉम्प्युटर सायन्सवाले बसलेत, त्यांना एक खोट लगेच दिसली असेल. चारही बाजूंनी चार गाड्या एकदम आल्या तर? प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी आहे, म्हणून प्रत्येकाने थांबायचं. हा सरळसरळ डेडलॉक. नियमात याला उत्तर नाही. एकाने हात दाखवून दुसऱ्याला सोडायचं, मग साखळी तुटते. खरं सांगायचं तर बिलोलीत चौघेही थांबलेत असा डेडलॉक मी अजून पाहिलेला नाही. चौघेही घुसलेत असा रोज दिसतो.

पण खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मापातून दिसते. उजवीकडच्याला वाट द्यायची तर तो आधी दिसला पाहिजे. आपल्याकडे कंपाउंडची भिंत थेट रस्त्याच्या कडेपर्यंत येते. दोन्ही रस्ते वीस फुटी धरा. दोन मोटरसायकली, दोघेही आपापल्या डाव्या अर्ध्या भागाच्या मधोमध, सारख्याच वेगाने. कागदावर काढून बघा : त्यांचे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या जागेपासून दोघेही वीस फुटांवर येईपर्यंत भिंतीमुळे एकमेकांना दिसतच नाहीत. म्हणजे रस्त्याची रुंदी जेवढी, तेवढ्याच अंतरावर पहिल्यांदा नजरानजर.

आता थांबायला किती अंतर लागतं? ताशी वीस किलोमीटर वेग आहे. बघून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात गाडी सत्तावीस फूट गेलेली असते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी आठ-नऊ फूट. एकूण छत्तीस. हातात आहेत वीस. उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पुस्तकात शाबूत आणि दोघेही जमिनीवर. हाच हिशेब उलटा केला तर वीस फुटांत थांबण्याचा वेग येतो ताशी बारा किलोमीटरच्या आसपास. तीस फुटी रस्त्यावर साधारण सतरा. वाळू किंवा चिखल सांडलेला असेल तर आणखी कमी.

म्हणून १९८९ च्या त्या यादीत नवव्या नियमाआधी आठवा होता : चौकाजवळ वेग कमी करा, आणि कुणाला धोका न होता जाता येईल याची खात्री झाल्याशिवाय आत शिरू नका. तो दोघांनाही लागू आहे, उजवीकडच्यालासुद्धा. ‘मी उजवीकडून येत होतो’ एवढं म्हणून तो सुटत नाही.

हे कोर्टात कळतं. समजा चौकात धडक झाली आणि डावीकडून आलेल्याने दावा लावला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोघांची चूक टक्क्यांत वाटतं. नुकसानभरपाई दहा लाख ठरली आणि त्याचा स्वतःचा दोष सत्तर टक्के धरला, तर हातात तीनच लाख. उजवीकडचा भरधाव होता हे दिसलं तर वाटणी बदलते. म्हणून धडकेनंतर गाड्या हलवण्याआधी मोबाइलवर चौकाच्या चारही बाजू, भिंती, पाटी आहे की नाही आणि ब्रेकच्या खुणा येतील असे फोटो काढा. अर्थात जखमीला दवाखान्यात पाठवल्यावर. घटनास्थळाच्या पंचनाम्यात कोण कुठल्या दिशेने आला हे लिहिलं जातंय ना, ते बघा.

मागे बसलेल्याची गोष्ट वेगळी आहे. त्याने गाडी चालवलेली नसते, म्हणून चालकाच्या चुकीचे टक्के त्याच्या रकमेतून कापले जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या निकालात सांगितलं की दोन वाहनांच्या चुकीत तिसरा जखमी झाला, तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकतो. आपसातली वाटणी त्या दोघांनी नंतर करावी. तेव्हा तुमच्या मागे बसलेली बहीण जखमी झाली आणि समोरचा टेम्पो पळून गेला, तरी तिचा दावा बुडत नाही. तो तुमच्यावर आणि तुमच्या विमा कंपनीवर लागतो. त्या कंपनीने मागे बसणाऱ्याची जोखीम घेतलीय का, हे पॉलिसीवर लिहिलेलं असतं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर बहुतेक वेळा घेतलेली नसते. घरी गेल्यावर गाडीची पॉलिसी काढा आणि तेवढी ओळ शोधा.