खडूची रेघ आणि मुलाचा चेहरा

आजचा विषय दिसायला लहान आहे. मुलाने मेणखडूने काढलेले चित्र आणि त्याच मुलाचा फोटो, या दोहोंतून गोष्टीच्या पुस्तकात वावरेल असे प्रेमळ पात्र कसे घडवावे, एवढाच. फतेगंजजवळच विद्यापीठाची ललित कला शाखा आहे. तिथल्या मेळ्यासाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकाराने खेळणी केली, मुलांची पुस्तके केली. त्यामुळे या विषयावर इथे गंभीरपणे बोलायला संकोच वाटत नाही.

पहिला प्रश्न असा, की या जोडीत कर्ता कोण? बहुतेक घरांत फोटो कर्ता होतो. चित्रातले डोके कापून तिथे फोटोतला चेहरा चिकटवतात. पण फोटोत उजेड एका बाजूने येतो, नाकाची सावली पडते. खडूच्या चित्रात सावली नसते. त्यामुळे खेळकर अंगावर खरे डोळे बसले की पात्र गोड दिसण्याऐवजी भीतिदायक दिसते. म्हणून माझे म्हणणे असे: देह, प्रमाण आणि रंग चित्राचे घ्यावेत, फोटोकडून फक्त ओळखीच्या दोन-तीन खुणा मागाव्यात.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षांच्या मुलीने स्वतःचे चित्र काढले आहे. मोठे लाल वर्तुळ, त्यात दोन ठिपके, आणि वर्तुळालाच फुटलेले हात-पाय. पोट नाहीच. साधारण तीन-चार वर्षांची मुले माणूस असाच काढतात, आणि ही चूक नव्हे. आता तिचा फोटो पाहा. दोन आखूड शेंड्या, कपाळावर तिरपी बट, उजव्या गालावर खळी. आपल्याला एवढेच पुरे. नाकाचा आकार, भुवयांची ठेवण फोटोतच राहू द्या.

मूळ चित्रावर काहीही काढू नका. ते मुलीचे आहे. त्यावर पारदर्शक कागद ठेवून वर्तुळाची रेघ पेन्सिलीने उमटवा. जिथे रेघ थरथरली तिथे तुमचीही थरथरू द्या. मग तो आराखडा त्याच जातीच्या जाड कागदावर उतरवा आणि त्याच मेणखडूने गिरवा. बट, शेंड्या आणि खळीसुद्धा त्याच खडूने, चित्राच्या मूळ आकारातच काढा. कारण चित्र आधी मोठे करून मग भर घातली, तर जुनी रेघ दोरखंडासारखी जाड आणि नवी दोऱ्यासारखी बारीक दिसते. दोन हातांचे काम लगेच उघडे पडते.

खळीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेला फोटो कधी आरशासारखा उलटा साठवला जातो, आणि उजवी खळी डाव्या गालावर जाते. मुलीच्या कपड्यावरची अक्षरे सरळ वाचता येतात का, हे पाहिले की उलगडा होतो. समोरून काढलेल्या पात्राचा उजवा गाल आपल्या डाव्या हाताला येतो, हेही विसरू नये.

चित्र छापण्यासाठी घेताना स्कॅनर असल्यास ३०० डीपीआय पुरेसे होते. पुस्तकात चित्र दुप्पट मोठे करायचे असेल तर ६०० ठेवा. मोबाइलनेच घ्यायचे असेल तर खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅश बंद ठेवून घ्या, कारण मेण चमकते आणि पांढरे डाग पडतात. कागद राखाडी दिसला म्हणून उजेड फार वाढवू नका. सर्वांत आधी पिवळा खडू नाहीसा होतो. पिवळा सूर्य दिसतो तोवर वाढवा, तिथे थांबा.

खरी कसोटी दुसऱ्या पानावर लागते. गोष्टीत पात्र बसते, पळते, झोपते. पण चित्र तर समोरूनच आहे. इथे मोठी माणसे त्याला पोट देतात, मान देतात, बाजूने वळवतात, आणि मुलीची आकृती तिथेच संपते. ते करू नका. वर्तुळ तसेच ठेवा. पळताना दोन्ही पावले एका दिशेला करा आणि डोळ्यांचे ठिपके तिकडे सरकवा. बसताना पाय समोर पसरा. झोपताना सगळे वर्तुळच आडवे करा, ठिपक्यांच्या जागी दोन आडव्या रेघा द्या. शेंड्या, बट, खळी प्रत्येक पानावर त्याच जागी राहिल्या, की पात्र तेच राहते.

शेवटी दोन परीक्षा. आधी खुणा हाताने झाका. उरलेले चित्र मुलीच्याच हातचे वाटले पाहिजे. मग हात काढा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला विचारा, ही कोण? नाव लगेच निघाले पाहिजे. पहिली परीक्षा हुकली तर तुम्ही चित्र सुधारून टाकले आहे. दुसरी हुकली तर खुण निवडण्यात गफलत आहे, फोटो पुन्हा पाहा. सुधारलेल्या चित्रातून मुलीला एकच गोष्ट कळते, की तिने काढले ते पुरेसे नव्हते. मग पुढचा कागद ती तुमच्यापुढे सरकवते आणि म्हणते, तूच काढ. तो कागद तिच्याकडेच राहावा, यासाठी ही सारी खटपट.