चार युनिटांचे थाई किती?

आज जरा वेगळ्या भाषांतराची गोष्ट सांगतो. आमच्या शेजारी एक थाई बाई राहतात. त्यांचा भाचा इथे सांता क्लारात दोन वर्षं शिकला आणि आता उरलेली पदवी बँकॉकला पूर्ण करणार आहे. इथले विषय तिकडे धरले जावेत म्हणून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम थाईत हवा होता. थाई त्यांची, आकडेमोड माझी, अशी आमची वाटणी.

पहिल्याच पानावर आम्ही चुकलो. इंग्रजीत ‘चार युनिट’ होतं, बाईंनी ‘चार नुऐकित’ लिहिलं. नुऐकित म्हणजे क्रेडिट, तेव्हा शब्द बरोबरच होता. पण इथलं सांता क्लारा विद्यापीठ क्वार्टर पद्धतीनं चालतं, सुमारे दहा आठवड्यांचं सत्र. थायलंडमध्ये सहसा दोन सत्रं, प्रत्येक निदान पंधरा आठवड्यांचं. म्हणजे इथलं एक युनिट तिथल्या क्रेडिटच्या दोन तृतीयांश. तिकडे या पद्धतींची नावं ‘थविफाक’ आणि ‘जतुरफाक’. नीट ऐका, द्विभाग आणि चतुर्भाग! हे कळल्यावर मला फार गंमत वाटली. तर ‘चार युनिट, जतुरफाक पद्धत, दहा आठवडे’ असं पुरतं लिहायला हवं होतं.

आता एक विषय उदाहरणाला घेऊ. आठवड्याला तीन तास व्याख्यान, तीन तास प्रयोगशाळा, दहा आठवडे. नुसतं दोन तृतीयांश केलं तर चाराचे २.६७ होतात. पण थाई नियम तास मोजतो. व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रयोगाचे ३० तास म्हणजे एक. आपल्याकडे व्याख्यानाचे ३० तास, म्हणजे दोन क्रेडिट; प्रयोगाचेही ३०, म्हणजे एक. झाले तीन. तिकडच्या कागदावर हे ३(२-२-५) असं लिहितात: तीन क्रेडिट, आठवड्याला दोन तास व्याख्यान, दोन तास प्रयोग, पाच तास स्वतःचा अभ्यास. हे पाच इंग्रजी कागदावर नव्हतेच. तीन क्रेडिटला आठवड्याचे एकूण नऊ तास धरायची तिथली रीत आहे, त्यातून वर्गातले चार गेले की पाच उरतात. म्हणून आम्ही तो आकडा मूळ मजकुरात न घुसवता खाली टिपेत, ‘भाषांतरकारांनी काढलेला’ असं सांगून दिला. मूळ कागदावर नसलेलं मुख्य मजकुरात शिरलं, की तपासणाऱ्याचा उरलेल्या पानांवरचाही विश्वास उडतो.

शब्दांची गंमत पुढेच आहे. थाईतले पुष्कळ विद्यापीठी शब्द संस्कृत-पालीतून आलेत, पण आपल्या कानाला ते फसवतात. ‘अथिबाय’ हा आपला अभिप्राय, पण तिथे अर्थ ‘स्पष्ट करून सांगणे’. ‘विख्रॉ’ म्हणजे विग्रह, अर्थ विश्लेषण. समासाचा विग्रह आठवा, म्हणजे पटेल. ‘बन-याय’ हा पर्याय, आणि अर्थ व्याख्यान!

हे क्रियापदांचं प्रकरण महत्त्वाचं, कारण शिकण्याची फलितं त्यांच्यावरच उभी असतात. इंग्रजीत ‘विद्यार्थी विश्लेषण करील’ असताना बाईंच्या पहिल्या मसुद्यात ‘विद्यार्थ्याला समजेल’ आलं होतं. वाचायला गोड, पण समजलं की नाही हे मोजायचं कसं? परीक्षेच्या रकान्यात तर उदाहरणं सोडवण्याला ४० टक्के गुण होते. फलित आणि परीक्षा जुळेनात, तेव्हा चूक दिसली. मग मी प्रत्येक फलितासमोर त्याची परीक्षा लिहून काढली आणि जिथे जोडी बसेना तिथलं क्रियापद आम्ही पुन्हा पाहिलं.

परीक्षेचेही तिथे दोन शब्द: ‘वत-फोन’ म्हणजे गुण मोजणं आणि ‘प्रमेन-फोन’ म्हणजे त्या गुणांवरून निकाल ठरवणं. इंग्रजीत दोन्हीला बरेचदा एकच शब्द असतो, म्हणून दर वेळी पाहावं लागतं की इथे पेपर तपासणं चाललंय की श्रेणी देणं. श्रेणी ठरलेल्या टक्क्यांवर आहे की वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, हेही त्यांना स्पष्ट हवं असतं.

आठवडावार विषयांची यादी मात्र एक ओळही न गाळता द्यावी. तिकडे विषय धरताना निदान तीन चतुर्थांश मजकूर जुळावा आणि श्रेणी ‘सी’च्या खाली नसावी, अशी अट असते. यादी तोकडी असली, तर जुळणारा विषयही जुळत नाही.

प्रयोगांचा विषय धरला गेला. दुसरा एक निव्वळ व्याख्यानांचा होता, आठवड्याला चार तास. चाळीस भागिले पंधरा, २.६७. तिथे प्रयोगांचा आधार नव्हता आणि त्याचे तीन करणं आमच्या हातात नव्हतं. आम्ही तास होते तसेच लिहिले. तो विषय भाच्याला बँकॉकला पुन्हा घ्यावा लागणार आहे. बाई दोन दिवस गप्प होत्या, मग पुढचा कागद घेऊन आल्या.