मनाचे आजार आणि आपली भाषा

(आरोग्यविषयक प्रसिद्धी साहित्य तयार करणारे कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘डिप्रेशन’, ‘अँग्झायटी’ आणि ‘ट्रॉमा’ हे तीन शब्द माहितीपत्रकांसाठी व भित्तिपत्रकांसाठी मराठीत आणण्याचे काम आता वारंवार आपल्याकडे येते. मलेरियाला हिवताप म्हणावे आणि मोकळे व्हावे, इतके हे काम सरळ नाही. हिवताप हे नाव ऐकून कोणी घराचे दार लावून घेत नाही. मनाच्या आजाराचे नाव मात्र चुकीचे पडले, तर ज्याच्यासाठी पत्रक छापले तोच ते घडी करून लपवितो, किंवा हे आपल्यासाठी नव्हेच असे समजून बाजूला ठेवतो.

प्रथम डिप्रेशनकडे पाहू. शब्दांची टंचाई आपल्याकडे नाही. औदासीन्य, खिन्नता, विषाद, नैराश्य असे चार शब्द तर सहज हाताशी येतात. परंतु त्यांतील प्रत्येकाला स्वतःचा इतिहास आहे. ‘उदासीन’ या शब्दाचा मूळ अर्थ तटस्थ असा होतो. रस्त्यांच्या दुरुस्तीबाबत पंचायत उदासीन आहे, असे वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा पंचायत दुःखी आहे असा अर्थ कोणी घेत नाही. त्यामुळे ‘औदासीन्य’ म्हटले की, बेफिकिरीचा दोष त्या माणसाच्या माथी येतो. खिन्नता ही संध्याकाळी येते आणि सकाळी जाते. आजाराचे वजन त्या शब्दाला पेलत नाही. ‘विषाद’ हा भारदस्त शब्द. पण विषाद म्हटले की, गीतेतील अर्जुन डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याच्या विषादाला कारण समोर दिसत होते आणि तो उपदेशाने दूर झाला. ऐकणाऱ्याने यावरून, चार समजुतीचे शब्द सांगितले की भागेल, असा निष्कर्ष काढला तर त्याला दोष देता येणार नाही. ‘नैराश्य’ म्हणजे आशा सुटणे. हे या आजाराचे एक लक्षण आहे, सगळा आजार नव्हे. शिवाय नैराश्याला काहीतरी अपयश कारण असलेच पाहिजे, असे बातम्या वाचून वाचून आपल्याला वाटू लागले आहे. प्रत्यक्षात हा आजार पीकपाणी उत्तम असलेल्या घरातही येतो.

तरीसुद्धा माझे मत ‘नैराश्य’ या शब्दाच्या बाजूने आहे, कारण तो लोकांच्या कानांवरून गेलेला आहे. मात्र तो एकटा वापरू नये. ‘नैराश्याचा आजार’ असे म्हणावे आणि त्या नावाच्या आधी लक्षणे सांगावीत: झोप लागत नाही, जेवण जात नाही, आवडत्या गोष्टीत मन लागत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले आहे. वाचणारा आधी स्वतःला ओळखतो आणि मग नावापाशी येतो. हा क्रम उलटला की नावाशीच वाचन थांबते.

येथे आपल्या भाषेच्या एका सोयीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. मराठीत ताप येतो आणि उतरतो. ‘तिला ताप आला आहे’ या वाक्यात ती वेगळी राहते आणि ताप वेगळा राहतो. ‘तो वेडा आहे’ या वाक्यात मात्र माणूस आणि आजार एकच होऊन बसतात. ‘मनोरुग्ण’ हा शब्द सभ्य दिसतो, पण ‘मनोरुग्णाचा धिंगाणा’ अशा मथळ्यात त्याचे काम ‘वेडा’ या शब्दाचेच असते. ‘नैराश्यग्रस्त’ हाही त्याच वळणाचा शब्द होय. पूरग्रस्ताचा पूर सर्वांना दिसतो आणि ओसरतोही. नैराश्यग्रस्त हे विशेषण मात्र बरे झाल्यावरही चिकटून राहते. म्हणून ‘नैराश्यग्रस्त शेतकरी’ असे लिहिण्याऐवजी ‘ज्या शेतकऱ्याला नैराश्याचा आजार झाला आहे’ असे लिहावे. वाक्य लांबते, परंतु त्या लांबीत माणूस शाबूत राहतो. ‘हा आजार म्हणजे कलंक नव्हे’ ही घोषणाही मला पसंत नाही. ज्याच्या मनात कलंकाचा विचार नव्हता, त्याच्या मनात ती तो घालून देते.

केवळ नाव बदलल्याने काम होते काय? १९१२ च्या कायद्याचे इंग्रजी नावच वेडाशी जोडलेले होते. तो जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, आणि त्याच्या जागी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ आला. वेड्यांच्या इस्पितळाचे मनोरुग्णालय झाले. तथापि ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘याला येरवड्याला न्या’ ही थट्टा काही थांबली नाही. बिचाऱ्या गावांची नावेच शिवीसारखी वापरली गेली. याउलट जपानचे उदाहरण आहे. तेथे स्किझोफ्रेनियाचे जुने नाव ‘मन दुभंगण्याचा रोग’ अशा अर्थाचे होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २००२ मध्ये ते बदलले. डॉक्टरांनी ज्यांना आजाराचे नाव मोकळेपणी सांगितले अशा रुग्णांचे प्रमाण त्या वर्षी सुमारे ३७ टक्के होते, ते दोन वर्षांत सुमारे ७० टक्के झाले. जुने नाव आजाराविषयी चुकीची कल्पना देत होते, म्हणून ते बदलणे उपयोगी पडले. आपला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द त्या जुन्या जपानी नावाचा सख्खा भाऊ शोभतो. तेथे ‘स्किझोफ्रेनिया’ हा रुळलेला शब्दच ठेवावा, हे बरे.

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. नैराश्याच्या आजाराची प्राथमिक चाचपणी करण्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती वेळा झाला, ते विचारून शून्य ते तीन असे गुण द्यावयाचे असतात. एकूण गुण २७. दहा किंवा अधिक गुण आले तर पुढील तपासणी आवश्यक मानतात. या यादीने निदान होत नाही. कोणाला डॉक्टरकडे पाठवावे एवढेच कळते.

यातील दुसऱ्या प्रश्नात मन खचणे, उदास वाटणे आणि आशा नसणे या तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. कोश उघडून बसलेला भाषांतरकार लिहितो, ‘खिन्न, उदासीन अथवा निराश वाटणे’. रीतीप्रमाणे हे मराठी वाक्य मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करून घेतात आणि मुळाशी ताडून पाहतात. ते बरोबर जुळते, आणि सर्वांचे समाधान होते. गोम येथेच आहे. उलट भाषांतर करणाराही शिकलेला असतो आणि त्याच्याजवळही तोच कोश असतो. दोन कोशांची गाठ पडली, पण गावातील बाईची गाठ पडलीच नाही. म्हणून तिसरी पायरी टाळता येत नाही: ज्यांच्यासाठी प्रश्न आहे अशा काही माणसांना तो वाचून दाखवावा आणि ‘यात काय विचारले आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणावे. ‘समजले का?’ असे विचारू नये. साहेबांसमोर सर्वांना सर्व समजते. ‘उदासीन म्हणजे कशात लक्ष न घालणारा’ असे उत्तर आले की, शब्द बदलावा. ‘मन खचल्यासारखे, उदास, किंवा पुढे काही आशाच नाही असे वाटणे’ हे वाक्य मग हाती येते.

पहिल्या प्रश्नाचेही असेच आहे. ‘कामात रस किंवा आनंद न वाटणे’ असे विचारले तर मजुरी करणारी बाई म्हणेल, ‘कामात रस कसला, दादा? करावंच लागतं.’ तिचे म्हणणे खरे आहे आणि त्याचा आजाराशी संबंध नाही. ‘एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही मन न लागणे’ असे म्हटले की, भजन, माहेर, नातवंडे आठवतात आणि उत्तर नेमके येते. कालमर्यादा सांगताना ‘मागच्या दोन बाजारांपासून’ असे म्हटले तर आठवडी बाजाराच्या गावात ती चटकन ध्यानात येते. मात्र प्रमाणित मराठी प्रत हाती असता सर्वेक्षण करणाऱ्याने तीच वाचावी. आपल्या मनाने प्रश्न बदलले की गुणांना अर्थ राहत नाही. ही दुरुस्ती प्रत तयार होतानाच व्हावयास हवी.

कोणी म्हणेल, ही नावे हवीतच कशाला? ‘टेन्शन’ म्हणावे, सर्वांना कळते. यात तथ्य आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविला गेला. त्याच्या इंग्रजी नावात आजाराचा उल्लेख नव्हता, ताण आणि आरोग्य एवढेच शब्द होते. नैराश्याचा आजार असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे श्रेय गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांचे व मिळालेल्या उपचारांचे आहे, नावाचे नव्हे. पण नाव आडवे आले नाही, हेही कमी नाही. ‘टेन्शन’ने दार उघडते. दार उघडल्यावरही तोच शब्द चालू ठेवला, तर मात्र ‘टेन्शन घेऊ नकोस’ हाच सल्ला उरतो आणि गोळ्या मध्येच सुटतात. दाराशी लोकांचा शब्द आणि उपचाराच्या कागदावर आजाराचे नाव, अशी विभागणी मला योग्य वाटते.

अँग्झायटीसाठी ‘चिंता’ आणि ‘काळजी’ हे शब्द सुचतात. ‘काळजी’त एक अडचण आहे. आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. ‘तुम्ही फार काळजी करता का?’ असे आईला विचारले तर ती अभिमानाने होकार देईल. म्हणून विचारावे ते थांबविता न येण्याबद्दल: ‘मनातला घोर थांबवू म्हटले तरी थांबत नाही, छातीत धडधड होते, जिवाची घालमेल होते, असे होते का?’ कागदावर ‘चिंतेचा आजार’ हे नाव पुरे.

ट्रॉमासाठी ‘आघात’ शब्द रूढ होत आहे. परंतु आघात म्हणजे घाव. महामार्गावरील ट्रॉमा केअर केंद्राशी तो जुळतो, आणि ‘पक्षाघात’ शब्दामुळे लकव्याचीही आठवण होते. शिवाय आघात घडून जातो. आपल्याला सांगावयाचे आहे ते मागे राहिलेल्या गोष्टीबद्दल. त्यासाठी लोकांजवळ ‘धसका’ हा शब्द आहे. १९९३ चा किल्लारीचा भूकंप असो वा २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, पाणी ओसरते, जमीन स्थिर होते, पण धसका राहतो. पावसाचा आवाज आला की एखादे मूल वर्गात दचकते, झोपेत ओरडते, नदीकडची वाट टाळते. शिक्षकांनी पालकांशी बोलताना ‘पोराने पुराचा धसका घेतला आहे, तो उपचाराने कमी होतो’ असे म्हणावे. एकच जपावे: ‘धसका’ शब्दाबरोबर ‘भित्रा’ हा शब्द घरात येऊ शकतो. म्हणून घटनेचे नाव नेहमी जोडून घ्यावे, म्हणजे कारण मुलाच्या स्वभावात शोधले जात नाही.

शेवटी, जो प्रश्न सौम्य करू नये, त्याविषयी. पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न मरून गेलेले बरे असे वाटणे किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार येणे, याबद्दल आहे. भाषांतरकाराचा हात येथे अडखळतो आणि ‘नकारात्मक विचार येणे’ असे काहीतरी गुळमुळीत लिहिले जाते. त्याला कोणीही हो म्हणेल, आणि ज्याला खरेच सांगावयाचे आहे त्याला सांगता येणार नाही. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत खरी नाही. ‘आपण मेलो तर बरे, किंवा स्वतःला काही करून घ्यावे, असे विचार येतात का?’ असे स्पष्ट शब्दांत, शांतपणे आणि एकांतात विचारावे. उत्तर ‘मुळीच नाही’ याहून वेगळे आले, तर एकूण गुण कितीही असोत, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे आणि टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलणे करून द्यावे. हा क्रमांक २०२२ पासून सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते. भित्तिपत्रकावर तो सर्वांत मोठ्या अक्षरांत छापावा. आपल्या खात्याचे बोधचिन्ह त्याखाली आले तरी चालेल.