अल्कोहोलचे ते दहा सेकंद

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलामुलींशी मला आज बोलायचं आहे. ग्रॅम रंजनाच्या चार पायऱ्या तुम्हाला पाठ आहेत: जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोल, मग लाल सॅफ्रानिन. माझं सगळं लक्ष तिसऱ्या पायरीवर आहे, कारण तुमच्या स्लाइड बिघडतात त्या तिथंच.

एक अरुंद तोंडाची बरणी घ्या. तिच्यात कोरडे वाटाणे एकेक करून टाका, पाणी ओता, रात्रभर ठेवा. सकाळी बरणी उपडी केली तरी फुगलेले वाटाणे बाहेर येत नाहीत. क्रिस्टल व्हायोलेट म्हणजे ते कोरडे वाटाणे. सगळ्याच जिवाणूंच्या पेशीत ते शिरतं. एका मिनिटानं आयोडीन घातलं की पेशीच्या आतच दोघांची जोडी जमते आणि मोठं, सहज न निसटणारं संयुग तयार होतं. म्हणूनच आयोडीन विसरलात तर पुढं सगळंच धुऊन जातं. पण लक्षात घ्या, या घटकेला दोन्ही प्रकारचे जिवाणू जांभळेच आहेत. फरक अजून पडलेलाच नाही.

तो पाडतं अल्कोहोल. ग्रॅम-पॉझिटिव्ह पेशीची भिंत पेप्टिडोग्लायकनच्या जाड थरांची असते. अल्कोहोल त्या भिंतीतलं पाणी ओढून घेतं, जाळी आक्रसते, बरणीचा गळा आणखी आवळला जातो. ग्रॅम-निगेटिव्हमध्ये पेप्टिडोग्लायकनचा थर पातळ, आणि त्याच्या बाहेर स्निग्ध पदार्थाचं आवरण. ते आवरण अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्या बरणीचा गळाच फुटतो आणि वाटाणे बाहेर येतात.

आता ऐका, कारण हेच निसटतं. गळा आवळलेली बरणीसुद्धा तुम्ही हलवत राहिलात तर वाटाणे चेंगरून बाहेर पडतातच. ग्रॅम-पॉझिटिव्ह रंग सोडतच नाहीत असं नाही, ते उशिरा सोडतात. सगळी परीक्षा या उशिराची आहे. म्हणून स्लाइड तिरकी धरा, पंचाण्णव टक्के अल्कोहोल थेंबाथेंबानं सोडा आणि खालून ओघळणाऱ्या थेंबाकडे बघा. त्यातला जांभळा रंग थांबला की लगेच पाणी. साधारण दहा-पंधरा सेकंद. ॲसिटोन वापरत असाल तर दोन-तीनच. लेप जाड झाला तर हा अंदाज चुकतो, म्हणून लेप पातळ हवा. अल्कोहोल ओतून शेजारणीशी बोलत बसायचं नाही!

एका प्रयोगशाळेत माझ्यासमोर पाठीतल्या पाण्याची एक स्लाइड आली होती. मेंदूज्वराचा रुग्ण. लाल गोलाणूंच्या जोड्या दिसत होत्या, आणि रंगवणाऱ्या मुलीनं ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे मेनिंगोकॉकस असणार, असं लिहायला घेतलं होतं. पण मेनिंगोकॉकसच्या जोडीत दोन घेवड्याचे दाणे सपाट बाजूनं समोरासमोर बसल्यासारखे दिसतात. इथं दाण्यांची बाहेरची टोकं निमुळती होती, आणि लेपाच्या जाड कडेला दोन-चार जोड्या चक्क जांभळ्या होत्या. तिला विचारलं, अल्कोहोल किती वेळ? ती म्हणाली, "मिनिटभर असेल, मॅडम." दुसरी स्लाइड केली, पंधरा सेकंदांत पाणी, आणि सगळ्या जोड्या जांभळ्या! न्यूमोकॉकस. मेनिंगोकॉकस असता तर घरातल्या माणसांनाही प्रतिबंधक औषध द्यावं लागलं असतं. म्हणून पुन्हा सांगते: रंग थांबला की पाणी, लगेच पाणी.

सॅफ्रानिनचं थोडक्यात. ते सगळ्यांवरच चढतं, पण जांभळ्यावर लाल दिसत नाही. रंग उतरलेल्यांना ते दिसण्यापुरता रंग देतं, निवाडा करत नाही. वाढ चोवीस तासांपेक्षा जुनी असेल तर अल्कोहोलची वेळ अचूक असूनही पॉझिटिव्ह लाल दिसू शकतात.

उलटी चूक, म्हणजे अल्कोहोल कमी पडणं, कशी ओळखायची ते मात्र सांगते. १८८४ साली बर्लिनमध्ये हान्स क्रिश्चन ग्रॅम न्यूमोनियानं दगावलेल्यांच्या फुप्फुसाचे काप बघत होते. त्यांना जिवाणूंचे दोन गट पाडायचे नव्हते. त्यांना ऊतीचा रंग उतरवून त्यात दडलेले जिवाणू दिसायला हवे होते. त्यांच्या पद्धतीत सॅफ्रानिन नव्हतंच. ऊतीचा रंग उतरला का, ही खूण आजही उपयोगी पडते. पू किंवा थुंकीच्या लेपात आधी पांढऱ्या पेशींची केंद्रकं बघा. ती गुलाबी हवीत. जांभळी असतील तर अल्कोहोल अपुरं पडलंय. जिवाणूंबद्दल एक शब्दही न लिहिता नवी स्लाइड घ्या. शुद्ध वाढ रंगवताना या पेशी नसतात, तेव्हा त्याच स्लाइडवर एका बाजूला स्टॅफिलोकॉकस आणि दुसऱ्या बाजूला ई. कोलाय यांचे पातळ ठिपके लावा. पहिला जांभळा, दुसरा लाल दिसला, तरच मधल्या ठिपक्याकडे वळा.