शेवटचा दिवस नक्की कोणता? एका राजीनाम्याचं प्रूफरीडिंग

आजच्या भागात पाहुणे नाहीत, फक्त एक पत्र आहे. माझ्या मामेबहिणीचं. ती कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात अकाउंटंट होती. तिला पुण्यात सीनियर अकाउंटंटची जागा मिळाली. पगार बरा आणि हाताखाली दोन माणसं. तिने राजीनामा मराठीत लिहिला, कारण तिथे मालकांशी सगळा पत्रव्यवहार मराठीतच चालतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला पाठवला. म्हणाली, "तू दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढतोस ना, मग ह्यातल्या काढ." ताईची परवानगी घेऊनच वाचतोय. कारखान्याचं नाव मात्र काढणार नाही.

आधी मूळ पत्र ऐका.

"दिनांक ०३/०३/२०२४. प्रति, मा. संचालक साहेब. विषय: राजिनामा स्विकारणेबाबत. महोदय, मी आपल्या कंपनीत गेली तीन वर्षे अकाउंटंट म्हणून काम करत आहे. अत्यंत जड अंतःकरणाने कळवते की मला पुण्यातील कंपनीत जास्त पगाराची व जेष्ठ लेखापाल पदाची संधी मिळाली आहे. गेले वर्षभर पगारवाढ न झाल्याने व कामाचा ताण वाढल्याने मला हा निर्णय घ्यावा लागला. तरी मला नियमाप्रमाणे एक महिन्यानंतर कार्यमुक्त करावे ही नम्र विनंती. ऑडीट पूर्ण होईपर्यंत मी लागेल ती मदत करेन. काही चुकले असल्यास क्षमा असावी. आपल्या मार्गदर्शना बद्दल सदैव ऋणी राहीन."

वाचायला ठीक वाटतं ना? पण ह्या पत्रात शेवटचा दिवस कुठेच नाहीये. "नियमाप्रमाणे एक महिन्यानंतर" म्हणजे कधी? तीन मार्चला दिलं म्हणजे दोन एप्रिल? तीन एप्रिल? की मालकांनी सही केल्यापासून एक महिना? तिघांनी वाचलं तर तीन तारखा निघतील.

म्हणून मी तिला पहिली गोष्ट विचारली, "ताई, नियुक्तिपत्रात काय लिहिलंय?" तिने फाइल शोधली. त्यात "एक महिना" नव्हतंच, "किमान ३० दिवसांची लेखी पूर्वसूचना किंवा तितक्या दिवसांचा पगार" असं होतं. फरक बारीक वाटेल. पण महिना कधी २८ दिवसांचा असतो, कधी ३१ चा. ३० दिवस म्हणजे ३० दिवस.

आता मोजूया. पत्र सोमवारी, ३ मार्च २०२५ ला द्यायचं. पत्र दिलेला दिवस धरायचा की सोडायचा? आमच्या धंद्यात ह्याला ऑफ-बाय-वन म्हणतात; अर्ध्या रात्री जागवणारी चूक हीच असते. सोडून मोजलेलं सुरक्षित, कारण दिवस धरून मोजला आणि समोरच्याने सोडून मोजला, तर तुम्ही एक दिवस कमी भरता. तेवढ्यावरून एका दिवसाचा पगार कापला जाऊ शकतो. पगाराचं एक वेळ सोडा, पण रिलीव्हिंग लेटर त्या वादात अडकून बसलं तर? तर ४ मार्च हा पहिला दिवस. ३१ मार्चला २८ दिवस होतात, १ एप्रिलला २९, आणि २ एप्रिलला ३०. वार बुधवार. शेवटचा दिवस: बुधवार, २ एप्रिल २०२५.

वार मुद्दाम लिहायचा. तारीख लिहिताना बोट घसरलं आणि "१ एप्रिल" झालं, तर कुणाला कळणार नाही. पण "बुधवार, १ एप्रिल" लिहिलं तर कॅलेंडर बघणाऱ्याला लगेच खटकेल, कारण तो मंगळवार होता. आणि महिना अक्षरात लिहायचा. ०३/०३ ला काही बिघडलं नाही, पण ०२/०४ वाचून कुणी चार फेब्रुवारी समजलं तर?

वर्षाकडे लक्ष गेलं का तुमचं? पत्रावर २०२४ होतं. ताईने जुन्या अर्जाच्या फाइलवरच नवीन मजकूर टाइप केला होता. आकड्यांच्या माणसाच्या पत्रावर चुकीचं वर्ष! मी हसलो, तिने शिवी दिली. पण ह्या पत्राची प्रत तिच्या फाइलला कायमची लागणार, आणि त्या तारखेवरूनच नोटीस मोजली जाणार.

ही तारीख पुढे कुठे कुठे जाते ते बघा. पगार किती दिवसांचा, शिल्लक रजेचे पैसे किती, रिलीव्हिंग लेटरवर काय, हे सगळं तिच्यावरून ठरतं. आणि पीएफ! जुनी कंपनी पीएफच्या पोर्टलवर तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरते. तिने १० एप्रिल भरलं आणि तुम्ही पुण्यात ७ एप्रिलला रुजू झालात, तर कागदावर चार दिवस तुम्ही दोन्हीकडे नोकरीला. मग ट्रान्सफरच्या वेळी किंवा नव्या कंपनीच्या पडताळणीत विचारणा होते. आणि कंपनीने ती तारीख भरलीच नाही, तर? शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिने थांबून तुम्ही स्वतःच पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` करू शकता. तेव्हाही हेच पत्र समोर ठेवून तारीख भरायची. ताईचं पुण्याचं जॉइनिंग सोमवारी, ७ एप्रिलला होतं. मधले चार दिवस सामान हलवायला.

आता भाषेचा सूर. विषयाच्या ओळीत "राजिनामा स्विकारणेबाबत" आहे. शुद्धलेखन आधी संपवू: राजीनामा, जी दीर्घ. स्वीकारणे, स्वी दीर्घ. पुढे जेष्ठ नाही, ज्येष्ठ. ऑडीट नाही, ऑडिट. आणि "मार्गदर्शनाबद्दल" हा एकच शब्द, मध्ये जागा नाही. ज्या पदावर आपण जातोय त्याचंच नाव चुकीचं लिहिणं बरं दिसत नाही. पण त्या ओळीचा मोठा दोष वेगळा आहे. "स्वीकारणेबाबत" म्हटलं की तो अर्ज झाला, रजेचा असतो तसा. मालक म्हणू शकतात, बघू, विचार करून सांगतो. खरं तर ताई ठरलेल्या अटीप्रमाणे पूर्वसूचना देते आहे. म्हणून विषय केला: "अकाउंटंट पदाचा राजीनामा, कामाचा शेवटचा दिवस २ एप्रिल २०२५". नुसती विषयाची ओळ वाचली तरी काम भागलं पाहिजे.

मग पगारवाढीचं वाक्य. ह्यावर आमचं खरं भांडण झालं. ती म्हणाली, "पण हे खरंय ना! वर्षभर एक रुपया वाढवला नाही." खरं आहे. पण हे पत्र वाचून कुणी तिला पगारवाढ देणार नाहीये, ती निघालीच आहे. उलट महिनाभर ह्याच लोकांकडून सह्या घ्यायच्यात. पुढची कंपनी फोन करून चौकशी करेल, तेव्हा फोन हाच माणूस उचलेल. तक्रार करायचीच असेल तर समोर बसून, तोंडी. "जास्त पगाराची" हे दोन शब्दही काढले. संधी मिळाली एवढं पुरे. पुण्याचाही उल्लेख नको. कुठे जातेय हे सांगायचं असेल तर चहा पिताना सांग.

दुसऱ्या टोकाला "जड अंतःकरणाने", "क्षमा असावी", "सदैव ऋणी". आपल्याकडे अर्ज लिहायला शाळेत शिकवतात ना, त्याचा हा परिणाम असावा. नोकरी बदलणं हा गुन्हा नाही, माफी कशाबद्दल? आभार मात्र ठेवायचे, पण खऱ्या गोष्टीबद्दल. मी विचारलं, "तिथे तुला नक्की काय मिळालं?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पहिल्या वर्षीच सगळी खाती एकटीला सांभाळायला दिली." मग तेच लिही की!

"गेली तीन वर्षे" हेही तपासलं. ती १ जुलै २०२२ ला लागली. मार्चमध्ये होतात दोन वर्षं आठ महिने. अंदाज लिहिण्यापेक्षा रुजू झाल्याची तारीख लिहायची.

आणि सगळ्यात धोक्याचं वाक्य: "ऑडिट पूर्ण होईपर्यंत मी लागेल ती मदत करेन." ऑडिट संपणार कधी? सप्टेंबरपर्यंतसुद्धा चालू शकतं. म्हणजे वर शेवटची तारीख लिहायची आणि खाली स्वतःच ती खोडायची. ताई मार्चअखेरीला निघतेय, अकाउंटंटसाठी ह्याहून अडचणीची वेळ नाही, हे मला मान्य. म्हणून आम्ही कामं तारखांवर मांडली. फेब्रुवारीचं जीएसटीआर-१ म्हणजे ११ मार्च, ३बी म्हणजे २० मार्च. दोन्ही नोटीसच्या आत, म्हणून तिची. मार्चचं जीएसटीआर-१ मात्र ११ एप्रिलला आणि ३बी २० एप्रिलला, मार्चच्या टीडीएसचा भरणा ३० एप्रिलपर्यंत. ही तिच्या शेवटच्या दिवसानंतरची, म्हणजे सोपवायची. मार्चची बिलं एप्रिलभर येत राहतात, त्यामुळे "मार्चच्या सगळ्या नोंदी" असंही कबूल करायचं नाही. "३१ मार्चपर्यंत हाती आलेल्या बिलांच्या नोंदी" म्हणायचं. टॅलीचे, बँकेचे पासवर्ड पत्रात लिहायचे नाहीत. मालकांच्या डिजिटल सहीचा टोकन तिच्याच ड्रॉवरमध्ये असायचा, तो परत देऊन वेगळी पोच घ्यायची.

आता शेवटचं पत्र.

"दिनांक ३ मार्च २०२५. विषय: अकाउंटंट पदाचा राजीनामा, कामाचा शेवटचा दिवस २ एप्रिल २०२५. महोदय, मी १ जुलै २०२२ पासून आपल्या कंपनीत अकाउंटंट म्हणून काम करत आहे. मला ज्येष्ठ लेखापाल पदाची संधी मिळाली असल्याने मी या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील ३० दिवसांच्या पूर्वसूचनेनुसार माझ्या कामाचा शेवटचा दिवस बुधवार, २ एप्रिल २०२५ असेल. तोपर्यंत फेब्रुवारीची जीएसटी रिटर्न, ३१ मार्चपर्यंत हाती आलेल्या बिलांच्या नोंदी आणि बँक जुळवणी मी पूर्ण करेन. उरलेल्या कामांची यादी आपण सांगाल त्या सहकाऱ्याकडे सोपवेन. सुरुवातीपासून खाती स्वतंत्रपणे सांभाळण्याची संधी आपण दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. कृपया या पत्राची पोच द्यावी."

छापील प्रत सोमवारी सकाळी हातात द्यायची आणि लगेच त्याची पीडीएफ मालकांना ईमेल करायची, असं ठरलं. स्वतःच्या खासगी ईमेलवर कॉपी ठेवून, कारण ऑफिसचं खातं शेवटच्या दिवशी बंद होतं. ईमेल का? मालक बाहेरगावी असले आणि पत्र गुरुवारी वाचलं, तर ते गुरुवारपासून मोजतील. ईमेलवर वेळ छापलेली असते.

तसं व्हायचं ते झालंच. मालकांनी बोलावून घेतलं, "क्लोजिंग होईपर्यंत, १५ एप्रिलपर्यंत थांबा." ताईला नाही म्हणायची सवय नाही. तिने तिथे एवढंच म्हटलं, "उद्या सांगते, साहेब." रात्री आम्ही उत्तर लिहिलं, तीन ओळींचं: "आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार कळवते की ३ मार्चच्या पत्रात दिल्याप्रमाणे माझा शेवटचा दिवस २ एप्रिल २०२५ हाच राहील. नव्या ठिकाणी रुजू होण्याची तारीख ठरलेली असल्याने पुढे थांबणे शक्य नाही. मार्चच्या जीएसटी आणि टीडीएसच्या कामांची यादी मी २५ मार्चपर्यंत तयार करून देईन."

साहेब दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्टोअरमधल्या मुलाला तिच्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, "ह्याला टॅली शिकवा."