टॅक्सी एक, उतरणारे तीन

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून तिघांनी मिळून टॅक्सी केली, असं समजा. एक येरवड्याला उतरणार, दुसरा शिवाजीनगरला, तिसरा कोथरूडला. भाडं अनुक्रमे १५०, ३०० आणि ४५० रुपये धरू. सरसकट तीन वाटे केले, तर येरवडेकर १५० देणार. एकटा आला असता, तरी तेवढेच दिले असते! मग सोबतीचा फायदा काय? म्हणून वाटणी टप्प्याटप्प्यानं करावी. ज्या टप्प्यात जे गाडीत, त्यांनीच तो वाटून घ्यावा. पहिला टप्पा तिघांचा, प्रत्येकी ५०. दुसरा दोघांचा, प्रत्येकी ७५. शेवटचा एकट्याचा, १५०. म्हणजे येरवडेकर ५० देईल, शिवाजीनगरचा १२५ आणि कोथरूडकर २७५.

कोथरूडकर म्हणेल, सगळ्यात जास्त मीच का? पण शेवटचा टप्पा फक्त त्याच्यासाठी आहे. आणि एकट्याला ४५० पडले असते. धावपट्टीचा खर्च लहानमोठ्या विमानांत वाटण्यासाठी लिटलचाइल्ड आणि ओवेन या अभ्यासकांनी १९७३ साली हीच रीत अभ्यासली. जो टप्पा वापरला, त्याचाच वाटा. मात्र रस्ता सरळ हवा. कुणासाठी गाडी आडवाटेला वळली, तर तो जादा खर्च त्याचाच. आणि हे गाडीत बसण्याआधीच ठरवलेलं बरं.